जुन्या गाण्यांच्या वेड्या माणसासाठी साध्या शब्दांत कविता: मुखड्यापासून शेवटच्या अंतऱ्यापर्यंत

आमच्या लातुरात जुन्या सिनेगाण्यांचं वेड असलेलं माणूस गल्लोगल्ली सापडतं. सकाळी रेडिओवर ‘भूले बिसरे गीत’, रात्री दहाला ‘छायागीत’, आणि मधला दिवस मोबाइल. अशा माणसाशी लग्न झालं की कधी ना कधी वाटतं, हिच्यासाठी आपण चार ओळी लिहाव्यात. मग वही उघडली जाते आणि वहीत चंद्र, चांदणी, गजरा, पाऊस एवढं सगळं येतं, पण ती काही येत नाही.

मी माझ्या बायकोसाठी अशी एक छोटी कविता लिहिली. नंतर ओळखीतल्या दोघा-तिघांना त्यांच्या घरच्यांसाठी लिहायला हात दिला. त्यातनं जी पद्धत बसली ती इथं मांडतो. छंदशास्त्र शिकलेलं असायची गरज नाही, बोटांवर आठपर्यंत मोजता आलं की पुरे. उदाहरण म्हणून माझीच कविता पहिल्या ओळीपासून बांधून दाखवतो, म्हणजे कुठं काय अडतं ते कळेल.

लागणारं सामान

- एक साधी वही आणि पेन्सिल. पेन नको, खोडावं लागतं.
- ठेका धरायला टेबल, पाट, मांडी, काहीही.
- घरात रोज बोलले जाणारे शब्द. हे आठवून चालत नाहीत, कान देऊन ऐकून लिहावे लागतात.
- कविता आधी न पाहिलेला एक माणूस, जो ती मोठ्यानं वाचून दाखवेल. मित्र, मेव्हणा, कॉलेजात शिकणारी पुतणी, कोणीही चालेल. फक्त तुमची तारीफ करायची सवय असलेला नको.

## १. आधी तिला नेमकं काय आवडतं ते बघा

‘तिला जुनी गाणी आवडतात’ एवढ्यावर कविता होत नाही. गाण्यातलं काय आवडतं ते बघा. काहींना शब्द आवडतात, ते अंतरा पाठ म्हणतात. काहींना चाल आवडते, त्यांचे शब्द नेहमी चुकतात. काहींना दोन अंतऱ्यांच्या मधली सतार, बासरी, व्हायोलिन आवडतं, आणि तेवढ्यात कोणी बोललं की त्यांचा संताप होतो.

माझी बायको तिसऱ्या जातीची. मुखडा नीट म्हणते, अंतऱ्याच्या दुसऱ्या ओळीला शब्द अडतो, आणि तिथून पुढं ती शिट्टीवर मधलं संगीत वाजवते. बाई शिट्टी वाजवते म्हणून सासरी सुरुवातीला भुवया उंचावल्या होत्या, आता तिची शिट्टी ऐकू आली नाही तर आमची आईच विचारते, बरं नाही का म्हणून. हा शब्द अडण्याचा आणि शिट्टीचा तपशील पुढं कवितेत उपयोगी पडला. तुमच्या घरी असंच काहीतरी असणार. आठवडाभर नुसतं लक्ष ठेवा आणि वहीत टिपा: कोणत्या कामाच्या वेळी गाणं लागतं, आवाज कुठं वाढवला जातो, कुठं हात थांबतो.

## २. गाण्याचा सांगाडा उचला, चाल उचलू नका

नवशिके सगळ्यात जास्त फसतात ते इथं. तिचं आवडतं गाणं घ्यायचं आणि त्याच चालीवर आपले शब्द बसवायचे, ही कल्पना मोहाची आहे. पण ज्या माणसाला ते गाणं श्वासाइतकं पाठ आहे, त्याला तुमच्या प्रत्येक ओळीमागं मूळ ओळ ऐकू येणार. तुमची ओळ तिच्याशेजारी उभी राहील आणि बारीक दिसेल. शिवाय अशा रचनेला आपोआप विडंबनाचा वास येतो. गणपतीतल्या कार्यक्रमात हशा मिळेल, पण तुम्हाला हशा नको आहे.

चाल सोडा आणि बांधणी घ्या. जुन्या गाण्याची बांधणी साधी असते. सुरुवातीला मुखडा, म्हणजे एक-दोन ओळी. मग अंतरा, तीन-चार ओळींचा. अंतऱ्याची शेवटची ओळ मुखड्याच्या यमकावर येते आणि आपल्याला परत मुखड्यावर नेऊन सोडते. मग दुसरा अंतरा, पुन्हा मुखडा. ७८ फेऱ्यांच्या तबकडीच्या एका बाजूला साधारण तीन-सव्वातीन मिनिटंच मावायची, म्हणून बहुतेक गाणी दोन किंवा तीन अंतऱ्यांत आटपलेली असतात. हे माप आपल्याला सोयीचं आहे. दोन ओळींचा मुखडा, तीन-तीन ओळींचे दोन अंतरे. म्हणजे लिहायच्या फक्त आठ ओळी, बाकी मुखडाच फिरून येतो.

ही बांधणी घेतली की जुन्या गाण्यांच्या कानाला ती लगेच ओळखीची वाटते. गाणं कोणतं ते कळत नाही, पण ‘हे गाणंच आहे’ हे कळतं.

## ३. घरातला एकच प्रसंग पकडा

आता विषय. ‘माझं तुझ्यावर प्रेम आहे’ हा विषय नाही. तुमचं लग्न झालंय, तिला माहीत आहे. विषय म्हणजे एक प्रसंग, ज्यात ती आहे, गाणं आहे आणि तुमच्या घराची एखादी वस्तू आहे.

वहीत असे पाच-सात प्रसंग लिहा. कापूस वेचून आल्यावर ओसरीत लागलेला रेडिओ, लाइट गेल्यावर अर्धवट तुटलेलं गाणं, एसटीत ड्रायव्हरनं लावलेली टेप, ज्वारीची भाकरी थापताना धरलेला ठेका. मग प्रत्येकाला एक प्रश्न विचारा: हे दुसऱ्या कोणाच्या बायकोला दिलं तर चालेल का? चालत असेल तर खोडा. चांदणी कोणालाही चालते. भाकरीवरचा ठेकाही बऱ्याच जणींना चालेल.

माझ्या यादीत शेवटी पाणी उरलं. लातूरच्या माणसाला पाण्याविषयी सांगायला नको. २०१६ साली मिरजेहून रेल्वेनं आमच्याकडं पाणी आणलं होतं. त्यानंतर दिवस सुधारले, तरी आमच्या भागात नळ कधी सुटेल याचा भरवसा नव्हता आणि बऱ्याचदा तो मध्यरात्रीच सुटायचा. मग आम्ही दोघं उठायचो. मी नळी घेऊन टिपाडापाशी, ती हंडे लावत, आणि मोबाइल खिडकीत ठेवलेला, त्यावर गाणं. अर्धी गल्ली जागी असायची. हे दुसऱ्या कोणाच्या बायकोचं होऊ शकत नाही, निदान शिट्टीसकट तरी नाही.

## ४. मुखडा: शेवटचा शब्द आधी निवडा

मुखड्याची गंमत त्याच्या शेवटच्या शब्दात असते, कारण प्रत्येक अंतऱ्याला त्याच्याकडं परत यायचं आहे. म्हणून पहिली ओळ लिहिण्याआधी शेवटचा शब्द ठरवा. ज्याला यमकं भरपूर मिळतात असा हवा. क्रियापदं बरी: आलं, गेलं, झालं, राहिलं. नाम घेतलं तर अडकाल. ‘रेडिओ’वर मुखडा संपवून दाखवा, दुसऱ्याच अंतऱ्यात हात टेकाल.

मी ‘आलं’ घेतलं. मनातलं वाक्य साधं होतं: नळाला रात्री पाणी आलं, आणि गाणं लागलं. पहिला प्रयत्न असा:

*नळाला पाणी रात्री आलं*

वाक्य म्हणून छान आहे. पण ठेक्यावर म्हणून बघितलं तर सुरुवातीला पाय घसरतो. का, ते मोजल्यावर कळतं.

## ५. मात्रा मोजणं: दहा मिनिटांचा अभ्यास

जुन्या सिनेगाण्यांचा मोठा भाग केहरवा किंवा दादरा या दोन तालांत आहे. केहरवा आठ मात्रांचा, दादरा सहाचा. पहिल्यांदा लिहिताना केहरवा घ्या. टेबलावर चार-चारच्या दोन घासांत आठ ठोके द्या, पहिला आणि पाचवा जरा जोरात. आपली प्रत्येक ओळ अशा दोन आवर्तनांत बसवायची, म्हणजे आठ अधिक आठ, सोळा मात्रा.

मोजायचं असं. ऱ्हस्व अक्षराची एक मात्रा, दीर्घाची दोन. ‘न’ एक, ‘ळा’ दोन. डोक्यावर अनुस्वार असेल तर दोन. ‘आलं’, ‘गाणं’ यातलं शेवटचं अक्षरही दोन धरा, कारण म्हणताना ते लांबतंच. जोडाक्षराच्या आधीच्या ऱ्हस्व अक्षरावर जोर आला तर त्याचीही दोन होतात: ‘अर्ध्या’ मधला ‘अ’ म्हणून बघा, तो दाबला जातो, म्हणून दोन. पण ‘तुझ्या’ मधला ‘तु’ दाबला जात नाही, तो एकच. शंका आली की पुस्तकात बघू नका, मोठ्यानं म्हणा. जीभ सांगते.

आता माझी ओळ. ‘नळाला पाणी’: एक, दोन, दोन, दोन, दोन. झाले नऊ. ‘रात्री आलं’ आठ. एक मात्रा जादा, आणि ती नेमकी पहिल्या घासात, म्हणून अडखळत होतो. मग ‘बारा वाजता पाणी आलं’ करून बघितलं. ‘बारा वाजता’ पुन्हा नऊ. तिसऱ्या वेळी जमलं:

*अर्ध्या रात्री पाणी आलं*

‘अर्ध्या’ चार, ‘रात्री’ चार, ‘पाणी’ चार, ‘आलं’ चार. शब्द सरळ ठोक्यावर पडतो. दुसरी ओळ त्याच मापाची:

*पाण्यासंगं गाणं आलं*

इथं ‘पाण्यासोबत’ही चाललं असतं, त्याच्याही आठच मात्रा आहेत. पण आमच्या घरात ‘संगं’ म्हणतात. माप दोन्हींना सारखं असेल तर घरातला शब्द घ्या. ‘पाणी’ आणि ‘गाणं’ हे काही पक्कं यमक नव्हे, हे मला ठाऊक आहे. पुढं ‘आलं’ दोन्हीकडं आहे आणि मागं ‘आ’ आणि ‘ण’ जुळतात, तेवढं कानाला पुरतं.

मात्रा कमी पडल्या की भरती करायचा मोह होतो: च, ही, ना, गं, रे. एखादा ‘गं’ खपतो. पण ‘तूच ना गं ही माझीच ना’ अशी ओळ दिसली की समजायचं, मात्रा भरल्या आणि सांगायचं राहिलं. अशी ओळ दुरुस्त होत नाही, ती पुसून नवी लिहावी.

## ६. अंतरा उलटा बांधा: शेवटची ओळ आधी

अंतऱ्याची सगळी मदार त्याच्या शेवटच्या ओळीवर असते, ती मुखड्याला सांधा देते. बहुतेक जण अंतरा वरून खाली लिहीत येतात आणि शेवटी यमक जुळेना म्हणून काहीतरी चिकटवतात. मग मुखडा नुसता पुन्हा येतो, त्याला येण्याचं कारण राहत नाही.

चांगली सांध्याची ओळ दोन कामं करते. यमक जुळवते, आणि तिचं वाक्य अपुरं राहतं, ते मुखड्यानं पुरं होतं. ऐकणाऱ्याला पुढं काय ते ऐकायचं असतं, आणि पुढं मुखडा असतो. जुनी गाणी ऐकताना तिची मान नेमकी इथं हलते, बघा.

म्हणून मी आधी ‘आलं’वर संपणाऱ्या, आठ मात्रांच्या अर्ध्या ओळींची यादी केली: ध्यानी आलं, कानी आलं, ऐकू आलं, भरतं आलं, बोलणं आलं. (‘बोलणं’ ‘बोल्णं’ असं म्हटलं जातं, म्हणून ठोक्यात बसतं.) मग प्रत्येकीला विचारलं: तू मुखड्याकडं कशी जाणार?

‘ऐकू आलं’ लगेच गेलं. कोणाला ऐकू आलं? शेजाऱ्यांना. काय ऐकू आलं? पाणी आलं, गाणं आलं!

*शेजाऱ्यांना ऐकू आलं,*
*अर्ध्या रात्री पाणी आलं,*
*पाण्यासंगं गाणं आलं.*

यमक म्हणून ‘कानी आलं’ जास्त पक्कं होतं, पाणी आणि कानी. पण मध्यरात्री शिट्टी ऐकून कोणी ‘कानी आलं’ म्हणत नाही. यमक आणि बोलणं यांचं भांडण झालं की मी बोलण्याच्या बाजूनं जातो. सगळ्यांना हे पटणार नाही, पण साध्या शब्दांतली कविता लिहायची ठरवली असेल तर दुसरा रस्ता नाही.

आता वरच्या दोन ओळी. यांना एकमेकींशी जुळायचं आहे, मुखड्याशी नाही. ही मोकळीक वापरा. टिपणात शिट्टी होती, अडलेलं कडवं होतं, नळी होती:

*अडलं कडवं, शिट्टी फुटली,*
*नळी हातची तिथंच सुटली,*

मोजून घ्या. ‘अडलं’ चार, ‘कडवं’ चार, ‘शिट्टी’ चार, ‘फुटली’ चार. दुसऱ्या ओळीत ‘नळी हातची’ आठच आहेत, पण ‘हा’ हे अक्षर पाचव्या ठोक्यावर न पडता चौथ्यावरच सुरू होतं. त्यामुळं म्हणताना जरासा हिसका बसतो. बाकी सगळ्या ओळी चार-चारमध्ये सरळ तुटतात, ही एकटीच तुटत नाही. हातातली नळी सुटलीय, हिसका बसायलाच हवा, म्हणून ती तशीच ठेवली. पण असं एकाच जागी करा. तीन ठिकाणी हिसके बसले तर ऐकणाऱ्याला वाटतं, याला ताल येत नाही.

## ७. दुसऱ्या अंतऱ्यात वेळ पुढं न्या

दुसरा अंतरा पहिल्याचीच गोष्ट वेगळ्या शब्दांत सांगत असेल तर तो नको, एका अंतऱ्यावर थांबा. त्याला काहीतरी पुढं न्यायचं असतं. सगळ्यात सोपी पुढं जाणारी गोष्ट म्हणजे घड्याळ. पहिल्यात मध्यरात्र आहे, दुसऱ्यात पहाट आणा.

सांधा आधी. यादीतलं ‘ध्यानी आलं’ उरलं होतं. उजाडल्यावर काय ध्यानी आलं? की रात्री पाणी आलं होतं. म्हणजे इतका वेळ नळ चालू आहे की गेला, याकडं लक्षच नव्हतं:

*उजाडलं अन् ध्यानी आलं,*

‘उजाडलं’ सहा, ‘अन्’ दोन, बरोबर आठ. ‘ध्यानी’ हा शब्द जरा पुस्तकी आहे, रोजच्या बोलण्यात आपण ‘ध्यानात’ म्हणतो. पण त्यानं एक मात्रा वाढते. ‘ध्यानीमनी नसताना’ असं आपण बोलतोच, त्या ओळखीवर ‘ध्यानी’ खपून जातं.

वरच्या दोन ओळींत भांडी भरू द्या:

*हंडा भरला, टिपाड भरलं,*
*ओठांत तुझ्या कडवं उरलं,*

टिपाडाला कोणी ड्रम म्हणतं, कोणी बॅरल. आमच्याकडं टिपाडच. हा शब्द ठेवला नसता तर ही कविता पुण्याची वाटली असती. ‘कडवं’ दोन्ही अंतऱ्यांत आलंय ते मुद्दाम: रात्री जे अडलं, तेच पहाटेपर्यंत ओठांत राहिलं.

कविता लिहिणाऱ्या ताई असतील आणि नवऱ्याला ‘अहो’ म्हणत असतील, तर ‘तुझ्या’ जागी नुसतं ‘तुमच्या’ घालू नका, एक मात्रा वाढते. शब्द फिरवा: ‘तुमच्या ओठी कडवं उरलं’. याच्या पुन्हा सोळा होतात. घरात जसं बोलता तसंच कवितेत बोला. एरवी ‘अहो’ आणि कवितेत अचानक ‘तू’ आलं तर नवरा कवितेऐवजी तुमच्याकडंच बघत बसेल.

पुरी झाल्यावर ती अशी दिसते:

*अर्ध्या रात्री पाणी आलं,*
*पाण्यासंगं गाणं आलं.*

*अडलं कडवं, शिट्टी फुटली,*
*नळी हातची तिथंच सुटली,*
*शेजाऱ्यांना ऐकू आलं,*
*अर्ध्या रात्री पाणी आलं,*
*पाण्यासंगं गाणं आलं.*

*हंडा भरला, टिपाड भरलं,*
*ओठांत तुझ्या कडवं उरलं,*
*उजाडलं अन् ध्यानी आलं,*
*अर्ध्या रात्री पाणी आलं,*
*पाण्यासंगं गाणं आलं.*

यात प्रेम हा शब्द नाही, चंद्र नाही, तिच्या रूपाचं वर्णन नाही. ‘तुझ्या’ हा शब्दसुद्धा एकदाच आलाय.

## ८. शब्दांची झडती

लिहून झाल्यावर दोन दिवस वही मिटून ठेवा आणि मग झडती घ्या. दोन जातीचे शब्द हटकून शिरलेले असतात.

पहिली जात पाठ्यपुस्तकातली: तव, मम, नयनी, जाहले, विसरशी. मात्रा कमी-जास्त करायला हे फार सोयीचे असतात, म्हणून शिरतात. ‘विसरतेस’ बसेना की हात आपोआप ‘विसरशी’कडं जातो. जाऊ देऊ नका, ओळ फिरवा. मी ‘तू कडवं विसरलीस’ सोडून ‘अडलं कडवं’ केलं, कर्ताच काढून टाकला, आणि मात्राही मिटल्या.

दुसरी जात गाण्यांतली: दिल, सनम, बेकरार, तनहाई. ती दिवसभर हेच ऐकते, म्हणून तिला हेच द्यावं असं वाटतं. पण हे शब्द तिच्याकडं तुमच्यापेक्षा चांगल्या हातांनी लिहिलेले आधीच आहेत. याला एक अपवाद आहे आणि तो आपल्याकडचाच. १९४८ पर्यंत इथं निजामाचं राज्य होतं, उर्दू दरबारात होती आणि शाळेतही. औरंगाबाद, नांदेड, परभणीकडं कित्येक घरांत आजही दखनी बोलली जाते. तुमच्या घरी ती सहज बोलली जात असेल, तर तो तुमचा घरचाच शब्द झाला, बिनधास्त वापरा. कसोटी एकच: हा शब्द गेल्या महिनाभरात स्वयंपाकघरात कोणी बोललं होतं का?

मग तो तिसरा माणूस गाठा. त्याला कागद द्या, काही सांगू नका, मोठ्यानं वाचायला लावा. तो जिथं थबकेल तिथं खूण करा. एकदा थबकला तर ओळ अनोळखी असेल. दुसऱ्या वाचनातही तिथंच थबकला तर मात्रा किंवा शब्दांचा क्रम चुकलाय. माझ्या पुतणीनं ‘नळी हातची’पाशी दोन्ही वेळा हिसका खाल्ला, तो मला हवाच होता. पण ‘उजाडलं अन्’ आधी मी ‘उजाडलं नि’ लिहिलं होतं, तिथंही ती अडखळली. ‘नि’ची एकच मात्रा, एक कमी पडत होती.

## ९. देताना

फ्रेम करू नका. भिंतीवर टांगलेली कविता रोज बघून दिसेनाशी होते. घरच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर तर मुळीच टाकू नका, खाली अंगठ्यांची रांग लागते आणि तिला लाजून उत्तर द्यावं लागतं.

पूर्वी टॉकीजबाहेर सिनेमातल्या गाण्यांच्या पातळ चोपड्या मिळायच्या, स्वस्त कागदाच्या, दोन-तीन घड्यांच्या. जुन्या गाण्यांच्या माणसाच्या घरी अशी एखादी कुठंतरी जपलेली असते. तशीच घडी घाला. एक कागद मधे दुमडायचा, वर कवितेची पहिली ओळ मोठ्या अक्षरात, आत मुखडा आणि अंतरे. मुखडा प्रत्येक वेळी पुरा लिहायची गरज नाही, चोपडीत लिहितात तसं ‘अर्ध्या रात्री…’ एवढं पुरतं. हस्ताक्षर वाईट असेल तरी हातानंच लिहा. पेन्सिलीचं काम इथं संपलं, आता पेन घ्या.

वाचून दाखवायचं की नुसतं द्यायचं? शब्द आवडणाऱ्या माणसाला कागद द्या, त्याला स्वतः वाचायचं असतं. चाल आवडणाऱ्याला वाचून दाखवा, पण गाऊ नका. तुम्ही गायलात की तुमची चाल बसते, आणि तिला स्वतःची लावून बघता येत नाही. माझ्या बायकोनं कागद वाचला, टेबलावर बोटं वाजवली, आणि तिसऱ्या खेपेला ‘शेजाऱ्यांना ऐकू आलं’ शिट्टीवर घेतलं. कोणत्या गाण्याची चाल लावली ते मी ओळखलं नाही, तिनंही सांगितलं नाही.

दुरुस्ती सुचवली तर मान्य करा, पेन द्या हातात. गाण्याचा कान तिचा आहे, तुमचा नाही. आणि तिसरा अंतरा मागितला तर यमकांची ती यादी काढा. माझ्या यादीत ‘भरतं आलं’ आणि ‘बोलणं आलं’ अजून पडून आहेत.